गेट, धुकं आणि कंट्रोलर काका

जानेवारीतली रात्र. दिल्लीहून पुण्याला जाणारं विमान सुटायची वेळ २२.५०. गेटवरच्या फलकावर ती वेळ आधी २३.४० झाली, मग ००.३०, मग ०१.१५. शेवटी ते विमान सकाळी ८.३५ला सुटलं. मधल्या पावणेदहा तासांत शेजारशेजारच्या दोन खुर्च्यांवर बसलेल्या दोन अनोळखी माणसांनी एकमेकांना जे दिलं, ते मी दोघांकडूनही सविस्तर ऐकलं आहे. त्यातली एक माझ्या मावसबहिणीची मुलगी. आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन एकटीच माहेरी निघाली होती. दुसरे साताऱ्याकडचे एक गृहस्थ, वय सदुसष्ट, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले, म्हणजे आपण बसस्थानकावर ज्यांना कंट्रोलर म्हणतो ते. मुलाकडे महिनाभर राहून ते परत निघाले होते आणि एकट्याने विमानप्रवास करायची त्यांची ही पहिलीच वेळ. दोघांनाही आपलं नाव छापून यायला नको आहे. म्हणून इथे ती ‘मुलगी’ आणि ते ‘काका’.

ही हकीकत सांगावीशी वाटली ती केवळ दोघं चांगली माणसं होती म्हणून नाही. त्या रात्री दोघांकडे दोन वेगळ्या प्रकारची माहिती होती, आणि एकाला ठाऊक असलेलं दुसऱ्याला अजिबात ठाऊक नव्हतं. उशीर का होतो, तो किती लांबेल, आपण काय मागू शकतो आणि काय मागता येत नाही, हे सगळं त्या देवाणघेवाणीतून उलगडत गेलं. दर हिवाळ्यात हजारो मराठी माणसं उत्तरेतल्या विमानतळांवर अशीच अडकतात, त्यांच्या ते उपयोगी पडावं.

सुरुवात काकांच्या एका प्रश्नाने झाली. अकरा वाजून गेले होते. मुलगी बाळाला थोपटत दर दोन मिनिटांनी फलकाकडे बघत होती. काका म्हणाले, “ताई, त्या पाटीकडं बघून काय उपयोग नाही. आपली गाडी आत्ता कुठं आहे, ते कळतंय का कुठं?”

साधा प्रश्न, पण नेमका. काकांनी तीस वर्षं स्थानकावर हेच केलं होतं. सातारा-स्वारगेटची साडेपाचची गाडी वेळेवर सुटेल की नाही, हे साडेपाचला ठरत नाही. ती गाडी आधी जी फेरी करून येणार असते, तिथून ती किती वाजता निघाली त्यावर ते ठरतं. विमानाचंही तसंच आहे. एक विमान दिवसभरात पाच-सहा शहरांच्या फेऱ्या करतं आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये जेमतेम अर्ध्यापाऊण तासाची सवड असते. सकाळची पहिली फेरी दोन तास उशिरा निघाली की तो उशीर भरून काढायला दिवसभरात जागाच राहत नाही. तो प्रत्येक फेरीबरोबर पुढे सरकतो, कधी वाढतोही.

मुलीला विमानांचा माग दाखवणारं अ‍ॅप माहीत होतं. तिने आपल्या उड्डाणाचा क्रमांक टाकला, तेव्हा त्या फेरीसाठी नेमलेल्या विमानाचा नोंदणी क्रमांक दिसला. भारतातल्या विमानांचे हे क्रमांक व्हीटी या अक्षरांनी सुरू होतात. त्या क्रमांकावर दाबलं की ते विमान सकाळपासून कुठे कुठे गेलं ते उलगडतं. हे विमान सकाळी दिल्लीहूनच धुक्यामुळे दोन तासांवर उशिरा निघालं होतं आणि त्यानंतरची प्रत्येक फेरी मागे पडत गेली होती. आत्ता, रात्री सव्वाअकराला, ते पाटण्यात उभं होतं. दिल्लीत रात्री दहाच्या सुमारास पोहोचायला हवं होतं ते अजून तिथून उडालंच नव्हतं.

काकांनी खिशातल्या डायरीत हिशोब मांडला. पाटण्याहून निघायला अजून वीसेक मिनिटं, दिल्लीला यायला पावणेदोन तास, उतरल्यावर प्रवासी उतरवणं, साफसफाई, इंधन, सामान, नवे प्रवासी चढवणं यासाठी पाऊण तास. म्हणजे दोनच्या आत काही खरं नाही. फलक तेव्हा ००.३० दाखवत होता. गेटवरचे कर्मचारी खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. फलकावरची वेळ पुष्कळदा नियंत्रण कक्षातून टप्प्याटप्प्याने बदलली जाते आणि गेटवरच्या मुलामुलींनाही तीच दिसते. पण प्रवाशाला बाळाला कधी झोपवायचं आणि स्वतः कधी जेवायचं, हे ठरवायला ती वेळ कामाची नसते. येणाऱ्या विमानाची वेळ कामाची असते. त्या हिशोबानंतर मुलीने बाळाचा दुपटा काढला आणि दोन खुर्च्यांमधल्या जागेत त्याला आडवं केलं. नाहीतर विमानात चढल्यावर झोपवू म्हणून ती त्याला जागं ठेवत होती.

साधारण सव्वाबाराला काकांचं बोलणं तुटक झालं. मुलीच्या लक्षात आलं की त्यांच्या कपाळावर घाम आहे. बाहेर थंडी, आत वातानुकूलन, आणि माणूस घामाघूम. हात थरथरत होते, डायरी बंद करताना पेन खाली पडलं. काय होतंय म्हणून विचारलं तर “काही नाही, काही नाही” एवढंच. तिच्या सासूबाईंना मधुमेह आहे, हे चित्र तिने घरी पाहिलेलं होतं. तिने सरळ विचारलं, “काका, तुम्ही इन्सुलिन घेता का?”

घेत होते. संध्याकाळी मुलाच्या घरी सातला नेहमीचा डोस घेतला होता. पण टॅक्सी दारात आली म्हणून जेवण अर्धंच झालं, बाकीचं विमानात नाहीतर पुण्यात गेल्यावर खाऊ असं ठरवलेलं. त्यात विमानतळावरची लांबलचक चाल. इन्सुलिनने आपलं काम चोख केलं, पण त्याला लागणारं अन्न पोटात नव्हतं. ग्लुकोमीटर सुदैवाने हातातल्या पिशवीत होता. आकडा आला ५८. सत्तरच्या खाली साखर गेली की ती धोक्याची समजतात. घाम, थरथर, छातीत धडधड, चिडचिड किंवा गोंधळल्यासारखं बोलणं ही तिची लक्षणं. आणखी खाली गेली तर शुद्ध हरपू शकते, आणि मग तोंडातून काही देणंही घातक ठरतं, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

अशा वेळी लागते ती पटकन रक्तात उतरणारी साधी साखर, साधारण १५ ग्रॅम. म्हणजे तीन-चार चमचे साखर पाण्यात किंवा छोटं खोकं भरून फळांचा गोड रस. काकांच्या पिशवीत सुनेने दिलेलं चॉकलेट होतं आणि ते तेच काढत होते. मुलीने त्यांना थांबवलं. चॉकलेटमधल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश उतरते. तिच्याकडे स्वतःसाठी घेतलेलं आंब्याच्या रसाचं खोकं होतं, ते तिने नळी लावून त्यांच्या हातात दिलं. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासलं तर आकडा ८४. मग काकांनी डब्यातल्या दशम्या काढल्या. रसाने चढलेली साखर टिकत नाही, तिच्या पाठोपाठ भाकरी-पोळीसारखं काहीतरी पोटात जावं लागतं. दरम्यान समोरच्या रांगेतल्या एका प्रवाशाने कर्मचाऱ्यांना कळवलं होतं आणि विमानतळाच्या दवाखान्यातून परिचारिका आली. तिने रक्तदाब पाहिला, पुढच्या तासाभरात पुन्हा साखर तपासायला सांगितलं. मोठ्या विमानतळांच्या आत डॉक्टर किंवा परिचारिका उपलब्ध असतात आणि गेटवरच्या कर्मचाऱ्याला सांगितलं की त्यांना बोलावता येतं, हे बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं.

काकांनी त्या रात्री स्वतःसाठी एक नियम केला आणि तो मला त्यांनी फोनवर दोनदा सांगितला: ताट समोर आल्याशिवाय सुई नाही. घरात ताट वेळेवर येतंच. प्रवासात त्याची खात्री नसते.

आता मुलीच्या हातात असलेल्या दुसऱ्या गोष्टीकडे येतो, ती म्हणजे नियम. आपल्याकडे उड्डाण उशिरा झालं, रद्द झालं किंवा तिकीट असूनही चढू दिलं नाही, तर प्रवाशाला काय मिळायला हवं हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, लिहून ठेवलेलं आहे. उड्डाणाचा नियोजित वेळ अडीच तासांपर्यंत असेल आणि कंपनीला दोन तास किंवा त्याहून जास्त उशिराची अपेक्षा असेल, तर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशांना खाणंपिणं मोफत द्यायचं. लांबच्या उड्डाणांसाठी ही मर्यादा तीन आणि चार तासांची आहे. दिल्ली-पुणे सव्वादोन तासांच्या आत बसतं, म्हणून इथे दोन तास. आणि शब्द नीट बघा: उशीर ‘होईपर्यंत’ नव्हे, उशीर ‘अपेक्षित असेल’ तेव्हा. विमान पाटण्यातून निघालेलं नसताना दोन तासांचा उशीर अपेक्षित आहे हे कुणालाही कळत होतं. मुलगी बाळाला काकांच्या नजरेखाली ठेवून काउंटरवर गेली, मोबाइलवर येणाऱ्या विमानाची जागा दाखवली आणि कूपनं मागितली. तोवर साडेबारा झाले होते. तिच्या मागे आणखी दहा-बारा जण येऊन उभे राहिले. थोड्या वेळाने कूपनं आली.

दुसरा नियम सहा तासांचा. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर कंपनीने प्रवाशाला दुसरं उड्डाण किंवा पूर्ण परतावा यांतलं एक निवडू द्यायचं. आणि उड्डाणाची मूळ वेळ रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान असेल व उशीर सहा तासांपेक्षा जास्त असेल, तर हॉटेलात राहण्याची आणि तिथवर नेण्या-आणण्याची सोय. हे विमान २२.५०चं, म्हणजे अगदी या चौकटीतलं.

पण याच नियमात एक दार मागच्या बाजूला उघडं आहे. उशिराचं कारण कंपनीच्या हाताबाहेरचं असेल, तर जेवण आणि हॉटेल देण्याचं बंधन उरत नाही. हवामान त्या कारणांत मोडतं. पुष्कळ कंपन्या धुक्यातही पाणी, चहा, खाणं देतात, सरकारही धुक्याच्या मोसमात त्यांना तसं सांगत असतं, पण हॉटेलाचा विषय निघाला की हवामानाकडे बोट दाखवलं जातं. यावर पुढे बोलतो.

विमान दीडच्या आत दिल्लीला लागलं. दोनच्या सुमारास चढायला सुरुवात झाली. काका मात्र उठायला तयार नव्हते. त्यांनी मुलीला विचारलं, “हे पायलट लोक पाटण्याहूनच आलेत का? मग त्यांची ड्यूटी किती वाजता चालू झाली?” तिला वाटलं, आता हे कशाला? काकांना मात्र तो सगळ्यात मोठा धोका दिसत होता. एसटीच्या चालकाला दिवसाला आठ तासांची ड्यूटी कायद्याने बांधून दिलेली आहे, १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात ते आहे. गाडी दुरुस्त असते, प्रवासी चढलेले असतात, पण चालकाची ड्यूटी संपते आणि बदली चालक मिळेपर्यंत गाडी फलाटावर उभी राहते. हा अनुभव त्यांनी शेकडो वेळा घेतला होता, आणि प्रवाशांच्या शिव्याही तेच खात.

वैमानिकांच्या बाबतीत बंधन अधिक कडक आहे, आणि ते असायलाच हवं. थकलेल्या वैमानिकाची चूक दोनशे जणांना भोवते. डीजीसीएने २०२४मध्ये हे नियम बदलले: मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंतचा काळ रात्र धरला, आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीत शिरणाऱ्या ड्यूटीला दहा तासांची मर्यादा घातली. नोव्हेंबर २०२५मध्ये त्यांचा दुसरा टप्पा लागू झाला आणि डिसेंबरमध्ये देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली, ती याच नियमांसाठी पुरेशा वैमानिकांची तयारी न ठेवल्यामुळे. नियम चुकीचा नव्हता, तयारी अपुरी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलीने गेटवरच्या कर्मचाऱ्याला विचारलं. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की क्रू पाटण्यात सायंकाळी ७.२०ला हजर झाला होता. काकांनी पुन्हा डायरी उघडली. ७.२० अधिक दहा तास म्हणजे पहाटे ५.२०. पण हा वेळ उड्डाण होईपर्यंतचा नसतो. विमान पुण्यात जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. ५.२०मधून दोन तास दहा मिनिटं वजा केली की राहतात ३.१०. तीन वाजून दहा मिनिटांनंतर हे लोक दिल्लीतून हलू शकत नाहीत. काही विशेष परिस्थितीत थोडी वाढ घेता येते, पण ती वैमानिकाच्या निर्णयावर असते आणि त्यावर भरवसा ठेवून बसता येत नाही. दोन वाजले होते. हातात सत्तर मिनिटं होती आणि काचेबाहेरचे दिवे पुसट व्हायला लागले होते.

उत्तर भारतातलं हिवाळी धुकं बहुधा असंच उतरतं. आकाश निरभ्र, वारा पडलेला, हवेत ओल. जमीन रात्री भराभर थंड होते आणि तिला चिकटलेल्या हवेतली वाफ बारीक थेंबांत बदलते. मध्यरात्रीनंतर ते दाटतं, पहाटे सगळ्यात गडद होतं आणि ऊन तापल्यावर विरतं. विमानतळावर ते मोजायला धावपट्टीच्या कडेला यंत्रं असतात. वैमानिकाला धावपट्टीवर किती अंतरापर्यंतच्या खुणा आणि दिवे दिसतील ते ही यंत्रं मीटरमध्ये सांगतात. दिल्लीच्या मुख्य धावपट्ट्यांवर अशी यंत्रणा आहे की प्रशिक्षित वैमानिक, योग्य विमान असेल तर ५० मीटर दृश्यमानतेतही ते उतरवू शकतात. उड्डाणाला मात्र १२५ मीटर लागतात. ऐकायला उलटं वाटतं, पण कारण सरळ आहे. एवढ्या धुक्यात उतरताना विमान स्वयंचलित यंत्रणेने धावपट्टीवर येतं. उड्डाणाच्या वेळी वैमानिक स्वतः हाताने विमान धावपट्टीच्या मध्यरेषेवर धरून पळवत असतो, आणि त्यासाठी त्याला ती रेषा दिसावी लागते. म्हणूनच विमानं उतरताना ऐकू येतात आणि आपलं मात्र सुटत नाही, असं होतं. “ते विमान आलं, मग आपलं का जात नाही?” असा कर्मचाऱ्यांशी वाद घालणाऱ्या प्रवाशांना हे कुणीतरी सांगायला हवं.

अडीचला दार बंद झालं. आकडा १२५च्या खाली गेला. विमान जागचं हललं नाही. तीन वाजून दहा मिनिटं झाली, आणि थोड्या वेळाने वैमानिकाने सांगितलं की आमची ड्यूटीची मर्यादा संपत आहे, नवा क्रू येईपर्यंत सगळ्यांना उतरावं लागेल. विमानात आरडाओरडा झाला. काही जण हवाईसुंदरींच्या अंगावर ओरडले. काकांनी उठून मागच्या रांगेतल्या दोन तरुणांना सांगितलं, “अरे, ड्रायव्हरची ड्यूटी संपली म्हणून तो गाडी चालवत नाही, हे तुझ्या भल्याचंच आहे ना? त्या पोरींना काय बोलतो?” मुलगी म्हणाली, की त्यांच्या आवाजात स्थानकावरच्या माणसाचा असा काही भार होता की ते दोघं बसले.

पुन्हा गेट. पहाटेचे पावणेचार. आता बाळ उठलं होतं आणि भुकेलं होतं. मुलीने प्रवासासाठी तीन वेळची दूध पावडर मोजून वेगवेगळ्या डब्यांत घेतली होती, त्यातली एकच उरली होती. तिने ती जपून ठेवली. थर्मासमधलं पाणी केव्हाच कोमट झालं होतं, आणि कोमट पाण्यात पावडर कालवणं योग्य नाही. पाणी उकळून, चांगलं गरम असतानाच पावडर घालायची आणि मग बाटली गार करायची, कारण पावडर निर्जंतुक नसते आणि त्यातले जंतू मरायला ती उष्णता लागते. काका थर्मास घेऊन तीन दुकानं फिरले. पहिल्या दोघांनी यंत्रातलं पाणी देऊ केलं, जे पुरेसं गरम नव्हतं. तिसऱ्या चहावाल्याने त्यांच्यासमोर किटली उकळून दिली. पैसे घेतले नाहीत. बाटली तयार झाली, नळाच्या पाण्याखाली गार केली, बाळ प्यायलं. बाळ आठ महिन्यांचं असल्याने पुढच्या वेळी काकांच्या डब्यातला उरलेला दहीभात मऊ कुस्करून देता आला. पावडरीचं दुकान विमानतळात रात्री उघडं असेलच असं नाही. बाळ असेल तर प्रवासाच्या वेळेपेक्षा बारा तास जास्तीची पावडर सोबत ठेवायची, हे तिने स्वतःसाठी लिहून ठेवलं.

तिला झोप अनावर झाली होती. पण अनोळखी माणसाच्या भरवशावर बाळ ठेवून झोपायचं कसं? ही शंका योग्यच आहे, आणि ती काकांनाही कळत होती. त्यांनीच तोडगा काढला. पहाटेच साताऱ्याला आपल्या पत्नीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन मुलीच्या हातात दिला. पलीकडून काकू डोळे चोळत म्हणाल्या, “अगं पोरी, हे बाळं सांभाळण्यात पक्के आहेत, आमची तिन्ही ह्यांनीच वाढवली, मी शाळेत शिकवत होते. तू झोप.” मुलीने आपल्या आईलाही फोन केला आणि काकांचं नाव, नंबर, खुर्चीची जागा सांगितली. काकांचं बोर्डिंग कार्ड आपल्या फोनमध्ये फोटो काढून ठेवलं. बाळाची दोरी तिने आपल्या मनगटाला हलकीच बांधली. काका समोरच्याच खुर्चीत बसले, कुठेही गेले नाहीत. ती थोडा वेळ झोपली. विश्वास ठेवायचा तो असा, बघून, कळवून आणि डोळ्यांसमोर. काकांना त्यात अजिबात अपमान वाटला नाही. उलट ते म्हणाले, माझ्या मुलीने असंच करावं.

साडेपाचला गेट बदललं. आजकाल मोठ्या विमानतळांवर सारख्या घोषणा होत नाहीत, फलक आणि मोबाइलवरचा संदेश यांवर भिस्त असते. झोपलेल्या माणसाला दोन्ही कळत नाहीत. काकांना फलकावरचं इंग्रजी वाचायला वेळ लागतो, पण पिशव्या उचलून लोक एका दिशेने चालू लागलेत हे त्यांनी लगेच टिपलं आणि मुलीला उठवलं. नवं गेट खालच्या मजल्यावर होतं, तिथून बसने विमानापर्यंत जायचं होतं.

त्याआधी पावणेपाचच्या सुमारास उशीर सहा तासांच्या पुढे गेला होता. मुलगी काउंटरवर गेली आणि तिने तीन गोष्टी विचारल्या: परतावा किंवा दुसरं उड्डाण मिळेल का, हॉटेल मिळेल का, आणि उशिराचं कारण लेखी मिळेल का. पहिल्याला हो. दुसरं उड्डाण दुपारचं होतं. परतावा घेऊन बाहेर पडायचं तर सामान विमानातून उतरवून घ्यावं लागतं, कर्मचाऱ्यासोबत बाहेर जावं लागतं आणि त्यात दोन तास सहज जातात. नवा क्रू येत होता, धुकं उन्हाबरोबर विरणार होतं. काका म्हणाले, थांबूया. त्यांचा हिशोब बरोबर ठरला. हॉटेलला नकार मिळाला, कारण हवामान. लेखी कारणासाठी तिला अर्धा तास उभं राहावं लागलं, पण ईमेल आला. त्यात एकच शब्द होता: हवामान.

सहा-साडेसहाला नाश्त्याची कूपनं मिळाली. काकांनी इडलीचं ताट समोर आल्यावर पेन काढलं, साखर तपासली, डोस घेतला, खाल्लं. ८.३५ला विमान सुटलं. पुण्यात पावणेअकराला उतरल्यावर मुलीच्या वडिलांनी काकांना स्वारगेटला सोडलं आणि काका सातारच्या गाडीत बसले.

आता त्या एका शब्दाविषयी. त्या रात्रीचा पहिला तीन तासांचा उशीर दिल्लीच्या रात्रीच्या धुक्याने झालेला नव्हता. तेव्हा धुकं नव्हतंच. तो सकाळच्या उशिराची शेपटी होती, आणि दिवसभरात दुसरं विमान मध्ये घालून तो थांबवायचा की नाही हा कंपनीचा निर्णय होता. विमान दहाला आलं असतं तर ते धुक्याच्या आधी उडालं असतं आणि क्रूची ड्यूटीही संपली नसती. म्हणजे ‘हवामान’ हे कारण सकाळी खरं होतं, रात्री अर्धंच खरं होतं. मुलीने माग दाखवणाऱ्या अ‍ॅपवरचे सगळे फोटो आणि तो ईमेल जोडून केंद्र सरकारच्या एअरसेवा या तक्रार पोर्टलवर तक्रार दाखल केली आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. उशिराचं कारण काहीही असो, गेटवर अडकलेल्या माणसाला पाणी, खाणं, बाळासाठी उकळलेलं पाणी आणि डॉक्टर हे बंधनकारक असायला हवं. त्यातून हवामानाची सूट काढून टाकावी. आणि उशिराचं कारण प्रत्येक टप्प्याला वेगळं, वेळेसह, लेखी द्यायची सक्ती डीजीसीएने करावी. तोवर या हिवाळ्यात उत्तरेतून रात्रीचं विमान पकडणाऱ्यांनी इन्सुलिन, ग्लुकोमीटर आणि रसाचं खोकं चेक-इनच्या बॅगेत नव्हे, हातातल्या पिशवीत ठेवावं, विमान आत्ता कुठे आहे ते बघावं, आणि क्रू किती वाजता ड्यूटीवर आला हे न लाजता विचारावं.